चोवीस हजार सातशे ऐंशी रुपये, आणि एक मेल तीनदा लिहिण्याची गोष्ट

भोसरीतल्या एका लहान कारखान्यात मी हिशेब बघते. आम्ही प्लास्टिकचे ट्रे बनवतो, गाड्यांचे सुटे भाग ज्यात रचून पाठवतात ते. चाकणच्या एका ग्राहकाला दर महिन्याला तीन-चार हजार ट्रे जातात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी सहामाही बाकीच्या खात्रीची पत्रं काढत होते. म्हणजे ‘आमच्या वहीत तुमच्या नावावर इतकी बाकी दिसते, बरोबर असेल तर सही करून पाठवा’ अशा अर्थाची. सोबत जोडायला म्हणून त्या ग्राहकाची ऑर्डर उघडली, आणि तिच्याखाली जुलैची दुरुस्ती दिसली: १ जुलैपासून दर २८ रुपये ५० पैशांऐवजी २६ रुपये ७५ पैसे.

सप्टेंबरचं बिल काढून बघितलं तर दर २८.५० होता.

कसं झालं ते कळायला वेळ लागला नाही. दुरुस्ती आमच्या विक्री बघणाऱ्या मुलाच्या मेलवर आली आणि तिथेच राहिली. इकडे मी टॅलीत मागचं बिल डुप्लिकेट करून तारीख आणि नग बदलत होते, त्यामुळे जुना दर महिन्यामागून महिना पुढे सरकत गेला. बिलं मीच केलेली, त्यामुळे दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोय नव्हती.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, “त्यांनी काही विचारलंय का? नाही ना? मग पुढच्या बिलात दर थोडा कमी लावून सांभाळून घे.” मला वाटतं बहुतेक जण पहिल्यांदा असंच म्हणतात. पण जास्त आकारलेल्या रकमेवर आम्ही १८ टक्के जीएसटीही घेतला होता आणि त्या कराचं क्रेडिट ग्राहकाने घेतलेलं होतं, म्हणजे तेवढी रक्कम स्वतः भरायच्या करातून वजा केलेली होती. पुढच्या बिलाचा दर वाकडा करून मागची बिलं सरळ होत नाहीत. कायद्याने त्यासाठी क्रेडिट नोटच, म्हणजे मागच्या बिलाची रक्कम आणि कर कमी केल्याचा कागद, द्यावा लागतो. ही नोट आता ग्राहकाला जीएसटी पोर्टलवरच्या इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिममध्ये दिसते. त्याने नाकारली, तर आम्ही कमी केलेला कर पुन्हा आमच्याच डोक्यावर येतो. म्हणजे समोरच्याला विश्वासात न घेता हे निस्तरणं शक्यच नव्हतं. हे ऐकल्यावर मालक गप्प झाले. मग म्हणाले, “लिही, पण नीट लिही.”

त्या ‘नीट’चे अर्थ आम्हा दोघांच्या डोक्यात वेगवेगळे होते, हे पुढे कळलं.

मेल लगेच पाठवला नाही, हे बरं केलं. मी तोवर फक्त सप्टेंबरचं बिल बघितलं होतं. तेवढ्यावर लिहून मोकळी झाले असते, तर दोन दिवसांनी ‘ऑगस्टमध्येही’ आणि मग ‘जुलैमध्येही’ असं सांगत बसावं लागलं असतं. पहिल्यांदा चूक कबूल केली की लोक ऐकून घेतात, तिसऱ्यांदा तेच लोक तुमची सगळी बिलं बाहेर काढतात. म्हणून एप्रिलपासूनची सगळी बिलं ऑर्डरीशी ताडून पाहिली. घोळ तीनच बिलांत होता: जुलैचे ४,००० नग, ऑगस्टचे ४,५००, सप्टेंबरचे ३,५००. बारा हजार नग, प्रत्येकी पावणेदोन रुपये, म्हणजे २१,००० रुपये. त्यावर ३,७८० रुपये जीएसटी. एकूण २४,७८०. जुलै आणि ऑगस्टचे पैसे येऊन गेले होते, सप्टेंबरचे यायचे होते.

आता मेल. या ग्राहकाशी आमचा पत्रव्यवहार पहिल्यापासून मराठीत चालतो. पहिला खर्डा मी असा केला: “आपल्या बिलांमध्ये तांत्रिक कारणास्तव दरफरक आढळून आला असून त्याबाबत योग्य ती कार्यवाही लवकरात लवकर करण्यात येईल. गैरसोयीबद्दल क्षमस्व.”

लिहिताना मला हे भारदस्त वाटलं होतं. दुपारी चहा घेताना परत वाचलं आणि स्वतःचीच लाज वाटली. कारण तांत्रिक नव्हतंच, माझा आळस होता. ‘आढळून आला’ म्हणजे जणू रस्त्यात पडलेला सापडला. आणि ‘आपल्या बिलांमध्ये’ हा तर मराठीतला जुना चकवा आहे. ‘आपल्या’ म्हणजे आदराने तुमच्या, की तुमच्या-आमच्या दोघांच्या? चूक सांगताना हा शब्द नकळत समोरच्यालाही भागीदार करून टाकतो. ‘क्षमस्व’ मी एरवीही टाळते. रस्ता खोदलेला असतो तिथल्या फलकावर तो शोभतो.

पण सगळ्यात वाईट शब्द ‘दरफरक’ होता, आणि ते माझ्या लक्षात आलंच नव्हतं. मी खर्डा विक्रीच्या मुलाला दाखवला. तो म्हणाला, “ताई, हे वाचून त्यांना वाटेल आपण वाढीव पैसे मागतोय.” खरंच होतं. आमच्या धंद्यात पुरवठादार दरफरक म्हणतो तो कच्चा माल महागला म्हणून जादा मागायचा असतो तेव्हा. आम्हाला परत द्यायचे होते, आणि शब्द मागण्याचा वापरला होता.

दुसरा खर्डा मालकांनी सांगितला, मी टाइप केला. “आमच्याकडून अक्षम्य चूक घडली आहे. आपले वर्षानुवर्षांचे संबंध लक्षात घेऊन आपण मोठ्या मनाने सांभाळून घ्याल ही नम्र विनंती.” मालकांचा हेतू वाईट नव्हता, त्यांची पिढी असंच लिहिते. पण पावणेदोन रुपयांच्या दराला अक्षम्य म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, यामागे आणखी काही मोठं लपलंय का? शिवाय हे पत्र वाचून समोरच्याला करायचं काय? मोठं मन. ते हिशेबात कुठे मांडणार? त्यात रक्कमच नव्हती. आणखी एक वाक्य मालकांना हवं होतं: “आपल्या स्टोअरच्याही हे लक्षात आले नाही.” ते खरं होतं. त्यांच्याकडे माल येताना नग मोजले जात होते, दर कुणी बघत नव्हतं. पण जास्त पैसे आम्ही घेतले होते. ते वाक्य मी काढलं, आणि त्यावरून पाच मिनिटं वादही घातला.

मेलच्या आधी फोन केला. त्यांच्या अकाउंट्सच्या साहेबांना म्हटलं, “साहेब, जुलैपासून तीन बिलांत आम्ही तुम्हाला जुना दर लावलाय. चोवीस हजार सातशे ऐंशी रुपये जास्त गेलेत. आमच्याकडून चूक झाली, सॉरी. मेल पाठवतेय, त्याआधी तुमच्या कानावर घालते.” ‘चूक झाली’ आणि ‘आमच्याकडून चूक झाली’ यांत एकाच शब्दाचा फरक आहे, पण पहिल्यात चूक पावसासारखी आपोआप होते. साहेब क्षणभर थांबले आणि एकच प्रश्न विचारला: “एप्रिलपासूनची सगळी बघितलीत का?” हो म्हणता आलं. तेवढ्या एका ‘हो’साठी आदल्या दिवशीची तपासणी कामी आली.

मग गेलेला मेल असा:

“जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या तीन बिलांत आम्ही तुम्हाला प्रति नग २६.७५ ऐवजी २८.५० असा जुना दर आकारला. तुमची १ जुलैपासूनची दरदुरुस्ती आमच्या विक्री विभागात आली होती, पण ती बिलिंगपर्यंत पोहोचली नाही. ही चूक आमची आहे आणि तिच्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

जास्त आकारलेली रक्कम २१,००० रुपये, त्यावर जीएसटी ३,७८० रुपये, एकूण २४,७८० रुपये. प्रत्येक बिलासाठी वेगळी अशा तीन क्रेडिट नोटा सोबत जोडल्या आहेत. ऑक्टोबरच्या जीएसटीआर-१ मध्ये आम्ही त्या दाखवू. पोर्टलवर दिसल्यावर कृपया स्वीकाराव्यात आणि तेवढं क्रेडिट तुमच्याकडे कमी करावं.

रक्कम सप्टेंबरच्या बिलातून वळती करावी की बँकेत परत पाठवावी, ते कळवावे. परत हवी असल्यास तुमचा निरोप आल्यापासून दोन दिवसांत पाठवू.

एप्रिलपासूनची तुमची सर्व बिलं तपासली आहेत, इतर बिलांत फरक नाही. यापुढे ऑर्डरमधली दुरुस्ती थेट बिलिंगच्या मेलवरही घेतली जाईल, आणि दर बदलल्यानंतरचं पहिलं बिल दुसरी व्यक्ती तपासेल.”

‘पुन्हा असं होणार नाही’ हे मुद्दाम लिहिलं नाही. ते माझ्या हातात नाही. काय बदललं ते सांगणं हातात होतं, आणि मेल पाठवण्याआधी ते खरोखर बदललंही होतं. टॅलीच्या दरयादीत नवा दर तारखेसकट घातला आणि बिल डुप्लिकेट करणं बंद केलं. माझं किंवा त्या मुलाचं नाव मेलमध्ये कुठेच नाही. ग्राहकाच्या लेखी चूक कंपनीची. आमच्यातलं आम्ही जेवणाच्या सुट्टीत बघून घेतलं.

क्रेडिट नोट एकच का केली नाही, असं मालकांनी विचारलं. अनेक बिलांसाठी मिळून एक चालते, कायद्याची आडकाठी नाही. पण दोन बिलांचे पैसे चुकते झालेले, एकाचे यायचे. तीन वेगळ्या केल्या की ग्राहकाच्या अकाउंट्समधल्या मुलाला प्रत्येक बिलासमोर एक कागद लावता येतो.

साहेबांचं उत्तर तासाभरात आलं: सप्टेंबरच्या बिलातून वळते करा. ते बिल १,१७,७०५ रुपयांचं, म्हणजे ९२,९२५ यायला हवे होते. महिनाअखेर बँकेत आले ६८,१४५.

बरोबर २४,७८० कमी. त्यांच्या मुलाने आमच्या क्रेडिट नोटा नोंदवल्या होत्या, आणि साहेबांनी फोननंतर सांगितलं म्हणून आपल्या बाजूने एक डेबिट नोटही टाकली होती. तीच रक्कम दोनदा कापली गेली.

आता चूक त्यांच्याकडची, आणि दोन आठवड्यांपूर्वीच मी माफी मागितलेली. मालक खूश होते. म्हणाले, “बघ, त्यांचंही होतं.” मी फोन लावला आणि म्हटलं, “साहेब, आमच्या क्रेडिट नोटा आल्यावर तुमच्या बाजूने वेगळी डेबिट नोट नको, हे मी मेलमध्ये लिहायला हवं होतं. तुमच्या लेजरमध्ये दोन्ही लागल्यात का बघता?” हा काही नुसता नम्रपणा नव्हता, ते वाक्य मेलमध्ये खरंच असायला हवं होतं. पलीकडे कळफलकाचा आवाज आला, मग साहेब हसले. “लागल्यात. थांबा, त्याला सांगतो.”

तिसऱ्या दिवशी २४,७८० जमा झाले. पुढच्या महिन्यात तिन्ही क्रेडिट नोटा पोर्टलवर स्वीकारल्या गेल्या. बाकीच्या खात्रीचं पत्र सही-शिक्क्यासह परत आलं तेव्हा डिसेंबर लागला होता.