कोजागिरी, पांढरी चादर आणि मोराची पोत

आमच्या गावच्या मंडळात कोजागिरीला दूध आटत असतानाच समाजमंदिराच्या भिंतीवर चादर ताणून पोट्ट्यांनी मोबाईलवर काढलेलं कॉमेडी स्किट दाखवायची पद्धत होती, तीन-चार मिनिटांचं फक्त, पण त्याच्या स्क्रिप्टवर नवरात्रभर भांडणं चालायची. मला अजून आवडतं ते सोयरिकीवालं.

गोष्ट साधी होती, पोराला पाहायले पाहुणे येणार म्हणून सुदाम शेजारच्या गणपतकडं कपबश्या मागतो. पहिल्या लिखाणात तो मग टीव्ही, मग गाडी, मग काहीही मागत होता आणि वाचताना कोणी हसेना. आमच्यातला एक जण म्हणे, बे, वस्तू मोठी करून नाही होत, मागच्या वस्तूतूनच पुढची निघाली पाहिजे. मग जमलं. कपबश्या आल्या तं बसतीन कशावर, खुर्च्या दे. बसले तं घामेजतीन, कूलर दे. एवढ्या थाटात गोठा रिकामा कसा दिसीन, बैलजोडी दे. शेवटी सुदाम म्हणते, आता सारं सामान तुयाच घरून आणून राहिलो, त्यापेक्षा घरच दे न भाऊ! आणि गणपत स्वतःच्याच घरात गडी बनून चहा देते. कपबश्यांचा सीन सगळ्यात लांब ठेवला, पुढचे आखूड होत गेले, बैलजोडीचा तं एकच शॉट, सुदाम कासरा धरून चालला, बस. लोकाईले खेळ समजला की पुन्हा समजावत बसायचं नसते.

खरी मारामारी शेवटावर. "स्वप्न होतं" हा शेवट मंडळात बंदच होता, कारण त्यात आधीचं सगळं वाया जाते. ट्विस्टची वस्तू आधी दिसली पाहिजे, पण विनोदाच्या आडून. म्हणून सुरुवातीलाच गणपत बायकोले विचारते, "गळ्यातला मोर कुठी गेला वं?" ती म्हणते, "पोत गाठवाले टाकली." तो म्हणते, "बरं झालं, नाहीतं हा सुदाम मोरही नेईन!" लोक हसले की पोत विसरले. आम्ही आधी दोन बायांना शेवट सोडून वाचून दाखवलं आणि विचारलं, आता काय होईन? दोघी म्हणाल्या, पाहुण्याईले खोटं समजीन. म्हणजे पोत लपली होती.

शेवटी पोरीची माय चहा घेते अन् तिच्या गळ्यात तोच मोर. म्हणजे उसनवारी दोन्हीकडून. गणपत कप धरून म्हणते, "हा मोर इथं येऊन बसला व्हय!" दारातल्या बायकोचा चेहरा, अन् कट. एकाला अजून तिच्या तोंडी खुलासा हवा होता, पोत मावसबहिणीले देली वगैरे, आम्ही शूट करूनही काढून टाकला.

चादरीवर मात्र प्रत्येक हशानंतर दोन सेकंद मोकळे ठेवावे लागायचे, नाहीतर पुढचा डायलॉग हसण्यात बुडतो. मोबाईलवर तेच दोन सेकंद मेलेले वाटतात, म्हणून ग्रुपवर टाकायला वेगळी कॉपी कापायचो. त्या रात्री कट झाल्यावर मागून एक म्हातारी ओरडली, "अगं, पोत मांग पहिले, सोयरीक मंगच कर!" आणि दुधाच्या कढईजवळचा पोट्टा हसता हसता झारा सोडून बसला.