बारावा बाण

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील टॉवेलच्या एका डाइंग युनिटमध्ये मी कागदपत्रांचे काम पाहतो. रात्रपाळीचे मशीन सांभाळणाऱ्या अण्णांची नजर अधू होत चालली आहे. डाइंग मास्तरांनी भिंतीवर लावलेला फ्लोचार्ट त्यांना दिसेना, म्हणून मास्तरांनी त्याचा फोटो मला पाठवला आणि सांगितले, "याच्या क्रमवार पायऱ्या लिहून द्या, अण्णा मोबाइलवर वाचून घेतील." अण्णांचा मोबाइल मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो, फोटोतील बाण मात्र त्याला वाचता येत नाहीत.

फोटो तिरकस काढलेला होता आणि प्लॅस्टिकच्या आवरणावर ट्यूबलाइटची चमक पडली होती. मी प्रिंट काढून प्रत्येक आकृतीला पेन्सिलने क्रमांक दिला. चार कृतींच्या चौकटी, चार निर्णयाचे हिरे आणि शेवटाची दोन लंबवर्तुळे, अशा दहा आकृत्या भरल्या. आरंभाचे लंबवर्तुळ मी मोजणीत धरले नाही. मग वरून खाली वाचत पायऱ्या लिहून काढल्या. मजकूर सलग आणि नेटका वाटला.

तरीही तो पाठवण्यापूर्वी मी बाण मोजले. कृतीच्या चौकटीतून एकच बाण बाहेर पडतो, हिऱ्यातून दोन पडलेच पाहिजेत आणि शेवटातून एकही पडत नाही. म्हणजे चार अधिक आठ, असे बारा बाण हवे होते. माझ्या पायऱ्यांमध्ये 'पायरी अमुकवर जा' असे अकराच वेळा लिहिलेले होते.

हरवलेला बाण तिसऱ्या पायरीच्या हिऱ्याचा होता. नमुन्याचा रंग मंजूर तुकड्याशी जुळला नाही, तर पुढचा प्रश्न होता, 'नमुना फिकट आहे का?' त्याची 'होय' ही वाट खाली जात होती. 'नाही' हा शब्द नेमका चमकेखाली गेला होता, आणि त्याची रेघ वाढीव रंगाच्या चौकटीतून वर परतणाऱ्या रेघेला छेदत असल्यामुळे दोन्ही मिळून एकच रेघ असल्यासारखे दिसत होते.

हे लक्षात येताच मला खरोखर धास्ती वाटली. चित्रात एखादी वाट पुसली गेली, तर पाहणारा निदान तिथे अडतो आणि कोणाला तरी विचारतो. क्रमांकित यादीत मात्र तीननंतर चार येतोच, आणि वाट लिहिलेली नसली की वाचणारा आपोआप पुढच्या क्रमांकावर जातो. माझ्या मसुद्यात नमुना गडद निघाला असता, तर अण्णा तिसऱ्या पायरीवरून चौथीवर आणि तिथून वाढीव रंगाकडे गेले असते. फिकट बॅचमध्ये रंग वाढवता येतो. गडद झालेल्या बॅचमधला रंग मात्र हायड्रो या रसायनाने उतरवावा लागतो, आणि त्यात वेळ तर जातोच, शिवाय सुताची ताकदही कमी होते.

मी अंदाजाने वाट भरली नाही. मास्तरांना विचारले, "नमुना फिकट नसेल, तर कुठे जायचे?" ते म्हणाले, "गडद असो किंवा छटा वेगळी असो, मशीन थांबवायचे आणि मला बोलवायचे." मग भिंतीजवळ जाऊन ती रेघ बोटाने शेवटपर्यंत तपासली आणि मधल्या पायऱ्या अशा लिहिल्या:

२. नमुन्याचा रंग मंजूर तुकड्याशी जुळतो का? होय: पायरी ६ वर जा. नाही: पायरी ३ वर जा.

३. नमुना फिकट आहे का? होय: पायरी ४ वर जा. नाही, म्हणजे गडद किंवा वेगळ्या छटेचा आहे: पायरी १० वर जा.

४. या बॅचला वाढीव रंग एकदा देऊन झाला आहे का? होय: पायरी १० वर जा. नाही: पायरी ५ वर जा.

५. ठरलेला वाढीव रंग द्या, ठरलेला वेळ मशीन चालवा आणि पायरी १ वर परत जा.

चौथ्या पायरीत 'होय'ची वाट थांबण्याकडे जाते. 'होय म्हणजे पुढे' ही सवय इथे घात करते, म्हणून मी प्रत्येक हिऱ्यावरचा शब्द स्वतंत्रपणे वाचला. पाचवी पायरी पहिलीवर परत जाते, तेव्हा पहिली पायरी मी पुन्हा लिहिली नाही. तीच कृती दोन ठिकाणी लिहिली, तर उद्या एका ठिकाणी बदल होतो आणि दुसऱ्या ठिकाणी राहून जातो. दहाव्या पायरीकडे दोन वेगवेगळ्या वाटा येतात, हेही तसेच राहू दिले.

नंतर उलटी तपासणी केली. पहिली सोडून प्रत्येक पायरीकडे कोणती तरी वाट येते का, हे पाहिले आणि मूळ चित्र बाजूला ठेवून केवळ पायऱ्यांवरून नवे चित्र काढले. ते भिंतीवरच्या चित्राशी रेघेरेघेने जुळले, आणि बाण बारा भरले.

त्या रात्री अण्णांसमोर मुद्दाम गडद रंगाचा एक जुना तुकडा ठेवला. त्यांनी मोबाइल कानाशी धरला, तिसरी पायरी दोनदा ऐकली आणि म्हणाले, "हा फिकट नाही. म्हणजे दहावर. साहेब, मास्तरांना फोन लावू का?"