दोस्ताच्या लग्नाला तिला कसं विचारलं

आमच्या दारव्हा तालुक्यात पोरगी पोरासोबत लग्नाला दिसली की जेवणाच्या पंगतीतच सोयरीक जुळवून टाकतात. त्यामुळे अभ्यासिकेतली जी पोरगी मला आवडते तिला दोस्ताच्या लग्नाला येते का विचारायचं, तर आधी तिच्या बाजूने विचार करावा लागला. तिला घरी काय सांगावं लागेल? कोणासोबत जाते, कशाने जाते, दिवेलागणीच्या आत परत येते का? याची उत्तरं माझ्याकडे तयार नसतील, तर तिची इच्छा असूनही तिला नाहीच म्हणावं लागलं असतं.

म्हणून आधी नवरदेवाला विचारलं. पंगतीत एक पान वाढल्याने गावच्या लग्नात काही अडत नाही, पण त्याच्या बहिणीला ठाऊक असलं की ती हिला बायकांमध्ये आपलं माणूस म्हणून बसवून घेते आणि "ही कोणाची?" हा प्रश्न परस्पर मिटतो. मग अभ्यासिकेतल्या दोन मैत्रिणी येणार हे पक्कं केलं. परतीची एसटी पाहून ठेवली. मुहूर्त सकाळी अकराचा असला तरी वरात मारुतीच्या देवळापासून नाचत येते, अक्षता पडायला एक वाजतो. तेव्हा चारची गाडी धरली. बायकांना अर्धं तिकीट असल्याने आपला खर्च आपण करणं तिलाही सोपं होतं, कोणाच्या उपकारात राहायचं काम नाही.

विचारलं ते आठ दिवस आधी, अभ्यासिकेबाहेर सायकल काढताना. चारचौघांत विचारलं असतं तर तिला तोंडावर हो म्हणावं लागलं असतं, आणि चिठ्ठी किंवा लांबलचक मेसेज पाठवला असता तर साध्या गोष्टीला उगाच वजन आलं असतं. मी म्हटलं, "येत्या रविवारी दोस्ताचं लगन आहे. ह्या दोघी येऊन राहिल्या, चारच्या गाडीनं वापस. तुले यायचं असलं तं चाल. नाही जमलं तरी काही नाही, आम्ही तं जाणारच हाओत."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम जोडलं. तिच्या होकारावर माझं जाणं अडलेलं नाही, हे कळलं की नकार देणाऱ्यावर ओझं राहत नाही. पण ते खरंही असावं लागतं.

"घरी विचारतो न सांगतो," ती म्हणाली. त्यावर मी लगेच पेपरचा विषय काढला आणि पुन्हा आठवण केली नाही. ही वाट पाहणं मला जड गेलं. अशा वेळी "मग काय ठरलं?" हा साधा प्रश्नही तगादा वाटू शकतो. गुरुवारी तिनेच विचारलं, "गाडी कुठून धराची?"

लग्नात ती बहुतेक वेळ बायकांतच होती. पंगतीत मी वाढायला उभा होतो. तिच्या पानात वांग्याची भाजी वाढताना तिने हात आडवा धरला, बुंदी मात्र दोनदा घेतली. तिच्यासाठी हे मोकळं होतं, म्हणून मला बरं वाटलं.

मनातलं मी त्या दिवशी काढलंच नाही. लग्नाला चल म्हणणं आणि तू आवडतेस म्हणणं वेगवेगळं ठेवायचं, हे मी आधीच ठरवलं होतं. दुसरं पुढच्या आठवड्यात सांगितलं. तिने परीक्षा होईपर्यंत वेळ मागितला आहे.