लिंक कुठे द्यायची आणि कोणत्या शब्दांत: बेदाण्याच्या व्हिडिओनं शिकवलेलं

आमचं गाव तासगावजवळ. फेब्रुवारी उजाडला की आमच्या शेडवर बेदाण्याचं काम सुरू होतं आणि तेव्हापासून एप्रिलपर्यंत मी त्याचे व्हिडिओ करते. दोन वर्षांपूर्वी, द्राक्षाचे घड वाळवण्याआधी ज्यात बुडवतात त्या डिपिंगच्या द्रावणाचा एक व्हिडिओ केला. सोबत एक तक्ता बनवला होता, तुमच्याकडे किती लिटर पाणी आहे त्यानुसार पावडर किती आणि तेल किती, एवढंच सांगणारा. तो फुकट होता. तरी व्हिडिओ बघितलेल्यांपैकी अगदी थोडेच त्या तक्त्यापर्यंत पोचले, आणि व्हिडिओखाली प्रश्न मात्र तोच, ‘ताई, शंभर लिटरला किती घ्यायचं?’

उत्तर असलेली लिंक खालीच होती आणि लोक तेच विचारत होते. मला हे फार लागलं.

पहिल्या व्हिडिओत मी काय केलं होतं ते सांगते. नमस्कार झाला, गावाचं नाव सांगितलं आणि विसाव्या सेकंदाला म्हणाले, ‘खाली लिंक दिली आहे, सगळ्यांनी नक्की क्लिक करा, आणि शेअर करायला विसरू नका.’ YouTube Studio मध्ये प्रेक्षक कुठपर्यंत टिकले त्याचा आलेख दिसतो. सुरुवातीला तो प्रत्येकच व्हिडिओचा घसरतो, म्हणून मी तो माझ्याच दुसऱ्या, लिंक न सांगितलेल्या व्हिडिओशेजारी ठेवून पाहिला. नेमक्या त्या वाक्यावर या आलेखाला जास्तीची एक पायरी पडली होती. समोरच्याला अजून काहीच मिळालं नव्हतं आणि मी त्याच्याकडे काम मागत होते.

मग पुढच्या खेपेला लिंक शेवटी नेली. तिथं वेगळीच गंमत कळली. ‘तर मित्रांनो’ हे दोन शब्द तोंडातून निघाले की लोक उठतात. आलेख त्या शब्दांवरच खाली कोसळलेला होता आणि माझी लिंक त्यानंतर पंधरा सेकंदांनी येत होती. म्हणजे ती ऐकायला कुणी उरलंच नव्हतं.

याच सुमाराला शेजारच्या शेडवरचे एक काका क्रेट उतरवताना म्हणाले, ‘पोरी, व्हिडिओ चांगला असतोय गं तुझा. पण सारखं लिंक लिंक का करतीस? आम्हाला काय पाहिजे ते आमचं आम्हाला कळू दे की.’ मी विचारलं, ‘कधी कळतं, काका?’ ते म्हणाले, ‘माझा ड्रम तुझ्या ड्रमाएवढा नाही, तिथं.’

मला जागा सापडली ती तिथं. व्हिडिओत मी दोनशे लिटरच्या ड्रमाचं गणित करून दाखवते. लिटरला पंचवीस ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि पंधरा मिली डिपिंग ऑइल, म्हणजे दोनशे लिटरला पाच किलो पावडर आणि तीन लिटर तेल. हा हिशोब पुरा होतो त्या क्षणी बघणाऱ्याच्या मनात स्वतःचा ड्रम येतो. त्याआधी त्याला तक्त्याची गरज नसते. नंतर मी घड बुडवायला लागले की त्याचं लक्ष द्राक्षांकडे जातं.

म्हणून पुढच्या हंगामात तो व्हिडिओ नव्यानं केला आणि हिशोब संपताच हे वाक्य घातलं: ‘तुमचा ड्रम दोनशे लिटरचा नसेल, तर तुमच्या मापाचा हिशोब तक्त्यात तयार आहे. पहिल्या कमेंटमध्ये लिंक ठेवली आहे.’ एवढं बोलून एक श्वास घेतला आणि लगेच पहिला क्रेट द्रावणात सोडला. सगळं मिळून आठ सेकंदांचं काम. आलेखात तिथं पायरी नव्हती.

या वाक्यातला ‘नसेल, तर’ हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्याचा ड्रम दोनशेचाच आहे त्याला मी मोकळं सोडलं, त्याला काही करायला सांगितलंच नाही. ज्याचा वेगळा आहे त्याला आपलंच नाव घेतल्यासारखं वाटतं. ‘नक्की’, ‘लगेच’, ‘विसरू नका’ हे शब्द मी काढून टाकले. आपल्याकडे वडीलधाऱ्या शेतकऱ्याला ‘क्लिक करा’ म्हणून फर्मावणं तसंही कानाला बरं लागत नाही. वस्तू काय आहे आणि कुठं ठेवली आहे एवढं सांगितलं की पुरतं.

‘कुठं’ हा प्रश्न मात्र मी फार दिवस हलक्यात घेतला होता. मी ‘खाली’ म्हणायचे. आमचे आण्णा मोबाईल आडवा धरून व्हिडिओ बघतात. आडव्या स्क्रीनवर खाली लिंक दिसतच नाही! त्यांनी एकदा माझ्यासमोर स्क्रीनच्या खालच्या काठावर तीनदा बोट दाबलं आणि ‘न्हाई की गं काय’ म्हणून फोन ठेवून दिला. तेव्हापासून त्या वाक्याच्या वेळी स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत लिहिते, ‘मोबाईल उभा करा, पहिली कमेंट बघा’. तोंडानं ते सांगत बसत नाही. लिंक पिन केलेल्या कमेंटमध्ये असते, आणि व्हिडिओखालच्या माहितीच्या अगदी पहिल्या ओळीतही, कारण मोबाईलवर त्या माहितीचा सुरुवातीचाच तुकडा दिसतो आणि बाकीची दाबून उघडावी लागते. लिंक पूर्ण, https:// सकट लिहायची, नाहीतर ती नुसतीच अक्षरं राहण्याची भीती असते.

कोणती जागा चालते हे कळावं म्हणून एकाच पानाकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या लिंक केल्या, शेवटी एवढाच फरक ठेवून:

```
?utm_source=youtube&utm_content=comment
?utm_source=youtube&utm_content=mahiti
```

माझ्याकडे कमेंटमधून जास्त लोक येतात. पण व्हिडिओ दोन-चारशे लोकांनीच पाहिलेला असेल तर हा फरक योगायोगाचाही असू शकतो, म्हणून हंगाम संपेपर्यंत मी त्यावरून काही ठरवत नाही.

आणखी एक चूक सांगायलाच हवी, कारण ती व्हिडिओत नव्हतीच. लिंक उघडली की आधी नाव आणि मोबाईल नंबर मागणारा फॉर्म यायचा, आणि पानावर मथळा होता ‘आमच्या परिवारात स्वागत’. व्हिडिओत मी तक्ता म्हणाले होते आणि समोर आला फॉर्म. लोक तिथूनच परत फिरत होते. बोलणं कितीही मऊ असलं तरी दार उघडताच कुणी नंबर मागितला तर माणसाला आपण फसलो असं वाटतं, आणि ते वाटणं बरोबरच आहे. आता पानावर मथळा आहे ‘डिपिंगच्या द्रावणाचा तक्ता’, खाली लिटर लिहायची चौकट आणि लगेच उत्तर. बेदाणा विकत हवा असेल तर आमचा नंबर त्याखाली आहे. गेल्या हंगामात त्या नंबरवर आलेल्या फोनांत ‘तक्ता वापरला, म्हणून फोन केला’ म्हणणारे बरेच होते.

छोट्या व्हिडिओंना हे सगळं लागू होत नाही. शॉर्ट्सच्या कमेंटमधल्या आणि माहितीतल्या लिंक ३१ ऑगस्ट २०२३ पासून दाबल्या जात नाहीत, त्यामुळे तिथं ‘कमेंटमध्ये लिंक’ म्हणणं म्हणजे माणसाला बंद दाराशी पाठवणं. तिथं मी संबंधित व्हिडिओ म्हणून डिपिंगचा मोठा व्हिडिओ जोडते आणि एवढंच म्हणते, ‘पाच किलो पावडर कुठून आली, ते पूर्ण व्हिडिओत करून दाखवलंय.’