आमची वाटचाल: नगांवर मागणी, किलोवर बिल

बेळगावच्या उद्यमबागेत वडिलांनी दोन लेथवर सुरू केलेलं आमचं वर्कशॉप आज पंपांची हाऊसिंग मशीन करून देतं. कास्टिंग काही गावातल्या फाउंड्रीतून येतात, काही कोल्हापूरकडून. काम वाढलं तसं बिल देण्याआधी परचेस ऑर्डर, आलेल्या मालाची नोंद म्हणजे जीआरएन, आणि पुरवठादाराचं बिल हे तिन्ही कागद शेजारी ठेवून बघायची शिस्त लावावी लागली.

आमच्या धंद्यात खरी गोम वजनात असते. आम्ही मागवतो नग, फाउंड्री बिल लावते किलोवर. पूर्वी जीआरएनवर फक्त नग लिहिलेले असायचे. विचारलं तर स्टोअरचे मामा म्हणायचे, "मालक, नग मोजले की हो, किलो कोण सांगितलं होतं?" बरोबरच होतं त्यांचं. आता ऑर्डरवर ड्रॉइंगचं वजन आणि त्याहून किती टक्के जादा चालेल ती सूट छापतो, आणि जीआरएनवर आले किती, काट्यावर वजन किती, पास किती असे वेगळे रकाने आहेत.

एक हिशेब सांगतो. ऑर्डर 200 नगांची, प्रत्येकी 10 किलो, वजनात 3 टक्के सूट, दर 95 रुपये किलो. बिल आलं 2,100 किलोचं, म्हणजे 1,99,500 रुपये अधिक जीएसटी. आमच्या काट्यावरही वजन तेवढंच भरलं, त्यामुळे फाउंड्री खोटं बोलत नव्हती. वाळूचा साचा सैल ठोकला की कास्टिंग फुगून जाड येतं, आणि ते जादा लोखंड आम्हीच पैसे देऊन घेऊन, मशीनवर उडवून, बुरा म्हणून विकायचं! 3 टक्के सूट धरून नगाला 10.3 किलोच धरायचे. त्यात 5 नग तपासणीत नापास. म्हणून 195 नगांचे 2,008.5 किलो, रक्कम 1,90,807.50 रुपये. फरक 8,692.50, वर 18 टक्के जीएसटी.

हा फरक आपण नुसता कापून चालत नाही. कर कमी व्हायला क्रेडिट नोट फाउंड्रीनेच काढावी लागते. शिवाय पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते, नाहीतर कायद्याने माल स्वीकारला असंच धरतात आणि पैसे द्यायची मुदत माल आल्या दिवसापासून मोजतात. म्हणून जीआरएन त्याच आठवड्यात पुरा व्हायला हवा, बिलाची वाट बघत बसायचं नाही.

बोअर मारल्यावरच दिसणाऱ्या आतल्या पोकळ्या, म्हणजे ब्लोहोल, मात्र या जुळवणीत सापडत नाहीत. त्यांच्यासाठी ऑर्डरमध्येच परतीची वेगळी अट घालतो.

आणि सीमेवरच्या माणसांसाठी एक: कोल्हापूरहून माल आला तर बिलावर आयजीएसटी हवा. सीजीएसटी-एसजीएसटी लावलेलं बिल रक्कम जुळली तरी परत पाठवतो, कारण महाराष्ट्राच्या एसजीएसटीचं क्रेडिट इथे मिळत नाही.