समरीतली प्रत्येक ओळ कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे: एका असाइनमेंटचा अनुभव

संख्याशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आम्हाला मिळालेली असाइनमेंट दिसायला किरकोळ होती. आर या संगणकभाषेत आधीपासून असलेल्या `mtcars` या डेटावर एक रेषीय मॉडेल बसवायचे आणि `summary()` जे काही छापते त्यातली प्रत्येक ओळ, एकही न गाळता, पूर्ण वाक्यात लिहून द्यायची. मॅडमनी अट मात्र एक घातली होती: उत्तरात ‘सिग्निफिकंट’ हा शब्द कुठेही येता कामा नये, आणि आर पी-व्हॅल्यूंपुढे ज्या चांदण्या छापतो त्यांचा उल्लेखही नको. या अटीमुळेच ते काम विचार करायला लावणारे झाले, कारण तो शब्द हाताशी नसला की प्रत्येक आकडा नक्की कशाबद्दल बोलतो आहे हे सांगावेच लागते.

हा डेटा १९७४ सालच्या ‘मोटर ट्रेंड’ या अमेरिकी मासिकातून घेतलेला असून त्यात ३२ गाड्या आहेत. `mpg` म्हणजे एका गॅलनमध्ये गाडी किती मैल जाते, `wt` म्हणजे गाडीचे वजन हजार पौंडांत आणि `cyl` म्हणजे इंजिनातील सिलिंडरांची संख्या, जी इथे ४, ६ किंवा ८ एवढीच असते. मॉडेल असे होते:

```r
fit <- lm(mpg ~ wt + factor(cyl), data = mtcars)
summary(fit)
```

पहिली ओळ `Call` ची. ती केवळ आपण दिलेली आज्ञा परत छापते, म्हणून बहुतेक जण तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातात; पण `factor` हा शब्द तिथे आहे की नाही हे तपासण्याची तीच जागा आहे. तो नसता तर आरने `cyl` ला साधी संख्या मानले असते आणि चारावरून सहावर जाताना मायलेज जेवढे घटते तेवढेच सहावरून आठावर जातानाही घटते असे गृहीत धरून एकच गुणांक काढला असता. तसे करून पाहिल्यावर दर सिलिंडरमागे सुमारे दीड मैलाची घट मिळते. ही घट दोन्ही टप्प्यांवर खरोखर सारखी आहे का, हा प्रश्न त्या मॉडेलला विचारताच येत नाही.

पुढे `Residuals` खाली किमान, पहिले चतुर्थक, मध्यक, तिसरे चतुर्थक आणि कमाल असे पाच आकडे येतात: उणे ४.५८९०, उणे १.२३५७, उणे ०.५१५९, १.३८४५ आणि ५.७९१५. रेसिड्युअल म्हणजे गाडीचे प्रत्यक्ष मायलेज वजा मॉडेलने सांगितलेले मायलेज. इथे सरासरी छापलेली नसते, कारण मॉडेलमध्ये इंटरसेप्ट असला की रेसिड्युअलची सरासरी शून्यच येते आणि ती छापून नवे काही कळत नाही. मध्यक मात्र शून्याच्या थोडा खाली आहे आणि वरचे टोक खालच्या टोकापेक्षा लांब आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक गाड्यांचे मायलेज मॉडेल किंचित वाढवून सांगते, तर काही मोजक्या गाड्यांचे बरेच कमी सांगते. या टोकांना कोण बसले आहे हे `residuals(fit)` छापून पाहिले. वरच्या टोकाला टोयोटा कोरोला होती आणि खालच्या टोकाला टोयोटा कोरोना. कोरोलाचे वजन १.८३५ आहे आणि सिलिंडर चार, म्हणून मॉडेलच्या हिशेबाने तिचे मायलेज ३३.९९०८ वजा ३.२०५६ गुणिले १.८३५, म्हणजे २८.१०८५ येते, प्रत्यक्षात ते ३३.९ आहे आणि फरक बरोबर ५.७९१५ उरतो. हा हिशेब कागदावर एकदा केला की खालच्या तक्त्यातले गुणांक कसे वापरायचे हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मग येतो तो तक्ता, ज्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला:

```
             Estimate Std. Error t value Pr(>|t|)
(Intercept)   33.9908     1.8878  18.006  < 2e-16
wt            -3.2056     0.7539  -4.252 0.000213
factor(cyl)6  -4.2556     1.3861  -3.070 0.004718
factor(cyl)8  -6.0709     1.6523  -3.674 0.000999
```

स्तंभांचे आपसातले नाते सोपे आहे. पहिल्या स्तंभाला दुसऱ्याने, म्हणजे प्रमाण त्रुटीने, भागले की तिसरा मिळतो: उणे ३.२०५६ भागिले ०.७५३९ म्हणजे उणे ४.२५२. चौथा स्तंभ, म्हणजे पी-व्हॅल्यू, सांगतो की, मॉडेलची बाकीची गृहीतके बरोबर असून हा गुणांक मुळात शून्य असता, तर शून्यापासून एवढे किंवा याहून दूर असलेले टी-मूल्य केवळ योगायोगाने येण्याची शक्यता किती. गुणांक शून्य असण्याची शक्यता तो सांगत नाही, आणि परिणाम मोठा आहे की लहान हेही नाही.

`(Intercept)` च्या ओळीवर खरे तर फार थांबण्याचे कारण नाही. ३३.९९०८ हे चार सिलिंडरच्या, पण शून्य वजनाच्या गाडीचे मायलेज आहे आणि अशी गाडी नसते. तिच्यापुढचे `< 2e-16` हे त्या तक्त्यातले सगळ्यात लहान मूल्य असले, तरी ते ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो कोणालाही पडलेला नसतो. (ते २ गुणिले १० चा उणे सोळावा घात हे काही मोजून काढलेले मूल्य नाही, संगणकाच्या दशांश गणिताच्या अचूकतेची मर्यादा साधारण तिथे संपते, म्हणून आर त्याखालचे आकडे छापायचे टाळतो.) वजनातून सरासरी वजन ३.२१७२५ वजा करून तेच मॉडेल पुन्हा बसवले की इंटरसेप्ट २३.६८ च्या आसपास येतो आणि त्याला अर्थही येतो: सरासरी वजनाच्या चार सिलिंडरच्या गाडीचे अपेक्षित मायलेज. बाकीच्या तीन ओळी जशाच्या तशा राहतात.

`wt` ची ओळ मी अशी लिहिली: सिलिंडरांची संख्या सारखी असलेल्या दोन गाड्यांच्या वजनात हजार पौंडांचा फरक असेल, तर जड गाडीचे मायलेज सरासरीने ३.२ मैलांनी कमी असते, आणि ९५ टक्के विश्वासांतर घेतले तर ही घट साधारण १.६६ ते ४.७५ मैल एवढी असू शकते. हे अंतर समरीत नसते, `confint(fit)` ने काढावे लागते. ‘सिलिंडरांची संख्या सारखी असलेल्या’ हे शब्द गाळले तर वाक्य चुकते, कारण केवळ वजनावर मॉडेल बसवले तर हाच गुणांक उणे ५.३४४५ येतो.

आता उरलेल्या दोन ओळी. तक्त्यात `factor(cyl)4` ही ओळच नाही, कारण चार सिलिंडरचा गट हा पाया धरलेला आहे आणि इतर दोन ओळी त्याच्याशी केलेल्या तुलना आहेत. ‘आठ सिलिंडरच्या गाडीचे मायलेज उणे ६.०७’ असे कोणी लिहिले की पाया विसरला गेल्याचे लगेच कळते. खरे वाक्य असे: समान वजनाच्या आठ आणि चार सिलिंडरच्या गाड्यांत आठवालीचे मायलेज सरासरीने ६.०७ मैलांनी कमी असते. वाक्य नियमाप्रमाणे बरोबर होते. पण ‘समान वजनाच्या’ हे शब्द लिहिल्यावर अशा गाड्या डेटात आहेत तरी किती, हे पाहावेसे वाटले. चार सिलिंडरची सर्वांत जड गाडी मर्सिडीज २४०डी, वजन ३.१९०. आठ सिलिंडरची सर्वांत हलकी गाडी फोर्ड पँटेरा, वजन ३.१७०. त्या दोन आकड्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत दोन्ही गटांची मिळून एवढीच जोडी बसते. म्हणजे उणे ६.०७०९ हा आकडा समान वजनाच्या गाड्या शेजारी उभ्या करून आलेला नाही. तिन्ही गटांसाठी वजनाचा उतार एकच आहे असे आपण मॉडेलमध्ये गृहीत धरले, आणि त्या समांतर रेषा एकमेकींपर्यंत लांबवल्यावर त्यांच्यामध्ये जे अंतर पडले ते हे. समरीत याची कुठेही खूण नसते. प्रमाण त्रुटी १.६५२३ आहे, पण तीही समांतर रेषांचे गृहीतक खरे मानूनच काढलेली आहे. गटागणिक वेगवेगळ्या रंगात `wt` विरुद्ध `mpg` असा साधा आलेख काढला तर मात्र ही गोष्ट एका नजरेत दिसते.

तळाच्या तीन ओळी लवकर आटोपल्या. `Residual standard error` २.५५७ आहे, म्हणजे या मॉडेलचा अंदाज ढोबळमानाने अडीच मैल इकडेतिकडे होतो, आणि मायलेजच्याच एककात असल्यामुळे मला तो आर-स्क्वेअरपेक्षा जास्त उपयोगी वाटतो. त्यापुढच्या २८ डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणजे ३२ गाड्या वजा चार गुणांक. हा आकडा अपेक्षेपेक्षा कमी दिसला तर कुठेतरी `NA` मुळे नोंदी गळाल्या आहेत असे समजावे. आर-स्क्वेअर ०.८३७४ आणि ॲडजस्टेड ०.८२. शेवटची `F-statistic` ४८.०८ ही वजन आणि सिलिंडर दोन्ही काढून टाकलेल्या, म्हणजे केवळ सरासरी सांगणाऱ्या मॉडेलशी तुलना आहे. सिलिंडरांमुळे एकूण काही भर पडली का, हा वेगळा प्रश्न असून त्यासाठी `wt` एकट्याचे मॉडेल आणि हे मॉडेल `anova()` ला द्यावे लागते. तिथे एफ सुमारे ७.२९ येतो आणि पी-व्हॅल्यू ०.००२८ च्या आसपास.

वही तपासताना मॅडमनी विचारले, “सहा आणि आठ सिलिंडरमधल्या फरकाची ओळ कोणती?” तशी ओळ नसतेच. दोन गुणांकांची वजाबाकी केली की उणे १.८१५३ मिळते, पण त्या फरकाची प्रमाण त्रुटी छापलेल्या दोन त्रुटींवरून काढता येत नाही, कारण दोन्ही गुणांक त्याच चारच्या गटाशी बांधलेले असल्याने एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. त्यासाठी पाया बदलून घेतला:

```r
d <- mtcars
d$cyl <- relevel(factor(d$cyl), ref = "6")
summary(lm(mpg ~ wt + cyl, data = d))
```

आता `cyl8` च्या ओळीत उणे १.८१५३, प्रमाण त्रुटी सुमारे १.३६ आणि पी-व्हॅल्यू सुमारे ०.१९ आली. पहिल्या तक्त्यात सहा आणि आठ या दोन्ही ओळींपुढे चांदण्या असूनही, वजन लक्षात घेतल्यावर त्या दोघांना एकमेकांपासून वेगळे सांगण्याइतका पुरावा या ३२ गाड्यांत नाही. `cyl4` पुढे अधिक ४.२५५६ दिसत होते, म्हणजे जुनीच तुलना उलट्या चिन्हाने. `wt` ची ओळ, रेसिड्युअलचे पाच आकडे आणि तळाच्या तिन्ही ओळी शेवटच्या दशांशापर्यंत त्याच होत्या, म्हणून वहीत मी दोन्ही तक्ते शेजारी लावले आणि बदललेल्या तीनच ओळींसाठी नवी वाक्ये लिहिली.