तुम्ही विचारलंत म्हणून: गेममध्येच रिस्टार्ट का होतो?

«दादा, पीसी दिवसभर मस्त चालतो, पण गेम लावला की दहा मिनिटांत आपोआप रिस्टार्ट होतो. फॉरमॅट मारून झाला, रॅम बदलून झाली. एसएमपीएस गेलाय का? गेला असता तर मशीन चालूच झालं नसतं ना?»

एसएमपीएस बल्बसारखा एका झटक्यात जाईलच असं नाही, बऱ्याचदा तो म्हातारा होतो, आणि म्हातारा झालेला एसएमपीएस एक्सेल आणि यूट्यूब आरामात ओढतो कारण तिथे मशीन जेमतेम साठ-सत्तर वॉट घेत असतं. गेममध्ये तेच मशीन तीनशेच्या वर जातं, आणि तेही एकसारखं नाही तर ग्राफिक कार्ड क्षणात कमी, क्षणात एकदम जास्त असं गचके देत खेचतं. हे गचके मिलिसेकंदांचे असतात, एसएमपीएसच्या सर्किटला तेवढ्या वेळात पूर्ण सावरता येत नाही, म्हणून मधल्या वेळेपुरता करंट आउटपुटच्या कपॅसिटरमधून जातो.

आता सोसायटीची गच्चीवरची टाकी आठवा. पंप हळू भरतो पण सकाळी सगळे नळ एकदम उघडले तरी पाणी येतं, कारण टाकीत साठा आहे. कपॅसिटर म्हणजे ती टाकी. आतलं इलेक्ट्रोलाइट वर्षानुवर्षं उष्णतेने सुकत जातं, त्यामुळे साठाही कमी होतो आणि आतला रेझिस्टन्सही वाढतो, म्हणजे टाकी लहान झाली आणि वरून पाइपात क्षार साचले. साधारण हिशोब असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं, त्यामुळे भिंतीला चिकटवून ठेवलेला, फॅनवर धुळीची गोधडी चढलेला कॅबिनेट असेल तर चांगला एसएमपीएससुद्धा लवकर थकतो.

मग रिस्टार्टच का, बंद का नाही? एसएमपीएसकडून मदरबोर्डला एक राखाडी वायर जाते, तिच्यावर «पॉवर ठीक आहे» असा सिग्नल सतत असतो. आउटपुट खाली बसलं की हा सिग्नल जातो, मदरबोर्ड तिथल्या तिथे रीसेट होतो, लोड सुटल्यामुळे व्होल्टेज परत वर येतं, सिग्नल परत येतो आणि मशीन काही झालंच नाही अशा थाटात सुरू होतं. उलट मशीन पूर्ण मरून पडलं, बटण दाबूनही उठत नाही आणि मागचा स्विच बंद करून थोडं थांबल्यावरच उठतं, तर एसएमपीएसचं प्रोटेक्शन ट्रिप झालंय असं समजा. संशयित तोच, पण तिथे शॉर्ट किंवा ओव्हरलोडही बघायला लागतो.

माझ्या मावसभावाचं मशीन सांगतो. सात वर्षं जुना 450 वॉटचा एसएमपीएस, त्यावर नंतर घेतलेलं ग्राफिक कार्ड. दुकानात दोन दिवस ठेवलं तर एकदाही रिस्टार्ट नाही, घरी आणलं की संध्याकाळी हमखास. दुकानदार म्हणाला विंडोज खराब आहे. मी आधी `eventvwr.msc` उघडून सिस्टिम लॉगमध्ये Kernel-Power 41 ची नोंद बघितली, तिच्या डिटेल्समध्ये BugcheckCode 0 होता. म्हणजे विंडोजला ब्लू स्क्रीन लिहायलाही सवड मिळाली नाही, वीज पायाखालूनच गेली. तिथे शून्य सोडून दुसरा आकडा असता तर मी आधी ड्रायव्हर आणि रॅमकडे गेलो असतो. टेंपरेचरही बघितलं, प्रोसेसर 71, कार्ड 74, म्हणजे तापून बंद पडण्याचा प्रश्न नव्हता.

मग मीटर. आधी डेटाचा बॅकअप, कारण फाइल लिहिली जात असताना रिस्टार्ट झाला तर ती फाइल गेली. साधा डिजिटल मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर, लाल प्रोब V च्या भोकात (10A च्या भोकात राहिला तर तुम्ही स्वतःच शॉर्ट कराल, हे मी एकदा केलंय, ठिणगी बघितलीय). मशीन बंद असताना एका मोकळ्या मोलेक्स कनेक्टरच्या मागून प्रोब घट्ट बसवायचे, लाल पिवळ्या वायरला, काळा काळ्या वायरला, म्हणजे चालू मशीनमध्ये हात घालावा लागत नाही. पिवळी म्हणजे 12 व्होल्ट, आणि तिला 5 टक्क्यांची मुभा आहे, म्हणजे 11.40 ते 12.60. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या व्होल्टेजवर विसंबू नका, मी त्यात चांगल्या मशीनवर 8 व्होल्टसुद्धा बघितलेत.

नुसतं डेस्कटॉपवर 12.04 आलं. OCCT या लोड टेस्टच्या सॉफ्टवेअरने फक्त प्रोसेसरवर लोड दिला, दहा मिनिटं, 11.86. मग फक्त कार्डवर, 11.63. दोन्ही एकत्र दिले तर चार मिनिटांत आकडा 11.41 पर्यंत घसरला आणि स्क्रीन काळी. लोड असाच पायरीपायरीने चढवायचा, समोर बसून राहायचं, आणि जळका वास, शिट्टीसारखा आवाज किंवा 11.40 च्या खाली आकडा गेला की लगेच थांबवायचं. स्वस्तातल्या एसएमपीएसमध्ये प्रोटेक्शन नावापुरतंच असू शकतं, त्याला रात्रभर झोडपत ठेवणं म्हणजे मदरबोर्ड पणाला लावणं.

यात एक गोची आहे. मीटर सरासरी दाखवतो, मिलिसेकंदाचा खड्डा त्याला दिसतच नाही. आकडा वाईट आला तर एसएमपीएस किंवा त्याच्या वायरी-कनेक्टर दोषी, पण आकडा चांगला आला म्हणून एसएमपीएस सुटला असं नाही. तेव्हा मी ग्राफिक कार्डची पॉवर लिमिट 65 टक्क्यांवर आणून तोच गेम खेळायला सांगतो, रिस्टार्ट थांबले तर संशय बळावतो. शेवटचा शब्द मात्र माहितीतल्या चांगल्या एसएमपीएसचाच, तो लावून बघायचा. मॉड्युलर असेल तर त्याच्या वायरीही त्याच्यासोबतच बदला, कारण एसएमपीएसच्या बाजूच्या पिना कंपनीप्रमाणे वेगळ्या असतात आणि जुन्या वायरी नव्याला लावून हार्डडिस्क उडवलेले लोक आहेत. हिरवी-काळी वायर क्लिपने जोडून फॅन फिरवायची जी टेस्ट सगळे सांगतात तिच्यात लोडच नसतो, आपल्या प्रश्नाला तिचा उपयोग नाही.

आणि एसएमपीएस उघडायचा नाही, फुगलेला कपॅसिटर बघायलाही नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो.

राहिलं दुकान-घराचं कोडं. भावाच्या घरी संध्याकाळी प्लगमध्ये 190 व्होल्ट मिळत होते, दुकानात 232. त्याचा एसएमपीएस जुन्या पद्धतीचा, मेन व्होल्टेज पडलं तरी आतलं व्होल्टेज सावरून धरणारं ॲक्टिव्ह पीएफसी सर्किट नसलेला, तिथे मेन व्होल्टेज पडलं की त्या मोठ्या कपॅसिटरमधला साठाही पडतो, आणि नुसता व्होल्टेजच्या प्रमाणात नाही तर वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे 190 ला साठा जवळपास दोन तृतीयांशच. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना दिवा मिणमिणला की रिस्टार्टला तेवढंही पुरायचं. त्याला मी विचारलं, लाइट जाऊन इन्व्हर्टरवर जाताना पीसी आधी टिकायचा का? म्हणाला, पहिली काही वर्षं टिकायचा, हल्ली दरवेळी रिस्टार्ट होतो, मला वाटलं इन्व्हर्टरची बॅटरी गेली म्हणून गेल्या दिवाळीत नवी टाकली.